गंभीर अपघातातील महारक्तसंक्रमण

अपघातात प्रचंड रक्तस्राव झालेल्या रुग्णाला थोड्या वेळात फार मोठ्या प्रमाणात रक्त व रक्तघटक चढवण्याच्या उपचाराला महारक्तसंक्रमण म्हणतात. २४ तासांत लाल पेशींच्या १० किंवा अधिक पिशव्या, ही त्याची जुनी व्याख्या. कॅज्युअल्टीत तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण ती लागू पडते की नाही हे दुसऱ्या दिवशीच कळते, आणि रक्तस्रावाने दगावणारे बरेच रुग्ण पहिल्या काही तासांतच जातात. म्हणून आता पहिल्या तासात तीन-चार पिशव्या लागल्या की तीच खूण मानतात. या उपचारात लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट सुरुवातीपासूनच ठरावीक प्रमाणात, साधारण १:१:१, देण्याची पद्धत गेल्या वीस वर्षांत रुळली.

त्यामागचे कारण एका हिशोबातून कळते. समजा, कुर्ला आणि शीव यांच्यामध्ये लोकलमधून पडलेला ६० किलो वजनाचा तरुण आहे. ओटीपोटाचे हाड मोडले आहे, प्लीहा फाटली आहे. किलोला ७० मिलिलिटर धरले तर त्याच्या अंगात सुमारे ४,२०० मिलिलिटर रक्त होते. त्यातले निम्मे गेले आणि तेवढेच सलाईन भरले, तर रक्तवाहिन्या भरतात, पण गुठळीचे धागे बनवणारे प्रथिन फायब्रिनोजेन डेसिलिटरमागे २५० वरून १२५ मिलिग्रॅमवर आणि प्लेटलेट अडीच लाखांवरून सव्वा लाखावर येतात. रक्तस्राव चालूच राहून आणखी २,१०० मिलिलिटर गेले आणि आता त्याची भरपाई फक्त लाल पेशींनी केली, तर हिमोग्लोबिन सावरते; मात्र फायब्रिनोजेन साठीच्या घरात आणि प्लेटलेट साधारण ६२ हजारांवर घसरतात. हा हिशोब ढोबळ आहे. प्रत्यक्षात गळती आणि भरणा एकाच वेळी चालतात, आणि सलाईनचा मोठा भाग रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतो. पण दिशा हीच असते. फायब्रिनोजेन दीडशेच्या खाली गेले की गुठळी नीट धरत नाही, आणि घटकांमध्ये धोक्याच्या पातळीला सर्वांत आधी तेच पोहोचते. रिपोर्टवर हिमोग्लोबिन चांगले दिसत असताना जखमेतून, टाक्यांतून, सुई टोचलेल्या जागेतून पातळ रक्त झिरपत राहते ते यामुळे.

रक्त पातळ होणे हे याचे एकच कारण नाही. करीम ब्रोही आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लंडनमधील रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवले की गंभीर जखमींपैकी सुमारे एक चतुर्थांशांचे रक्त रुग्णालयात पोहोचतानाच नीट गोठत नव्हते, आणि याचा संबंध त्यांना आधी दिलेल्या सलाईनशी लागत नव्हता. शॉक आणि चिरडलेल्या उती एकत्र आल्या की शरीर स्वतःच गोठणे रोखणारे प्रथिन-सी सक्रिय करते. गोठण्याचे काही घटक निष्क्रिय होतात आणि बनलेली गुठळीही लवकर विरघळते. त्यात शरीर गार पडणे आणि रक्तातील आम्लता वाढणे यांची भर पडते. म्हणजे प्लाझ्माची गरज दहाव्या पिशवीनंतर नव्हे, पहिल्या पिशवीपासूनच असते. जुन्या पद्धतीत प्रयोगशाळेचा रिपोर्ट बिघडलेला आला की प्लाझ्मा मागवत. रिपोर्टला पाऊण तास, मग गोठवलेला प्लाझ्मा ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायला अर्धा तास. तोवर रुग्णाचे सगळे रक्त एकदा बदलून गेलेले असे.

मग १:१:१ हेच का? रक्तदात्याच्या एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे केले जातात, आणि या प्रमाणात ते पुन्हा एकत्र येतात. पण मूळ रक्त परत मिळत नाही, कारण प्रत्येक पिशवीत रक्त गोठू नये म्हणून आणि पेशी टिकाव्यात म्हणून घातलेले द्रावणही असते. आर्मंड आणि हेस यांनी २००३ मध्ये मांडलेल्या हिशोबाप्रमाणे एकेक पिशवी मिसळली तर साधारण ६६० मिलिलिटर मिश्रण होते. त्यात लाल पेशींचा वाटा सुमारे २९ टक्के, प्लेटलेट सुमारे ८८ हजार आणि गोठण घटकांची ताकद मूळच्या सुमारे ६५ टक्के. कशीबशी तिन्ही कामे चालतील अशी ही पातळी आहे. यात लाल पेशींची आणखी एक पिशवी घातली तर त्यांचा वाटा ३७ टक्क्यांपर्यंत चढतो, पण प्लेटलेट ५५ ते ६० हजारांवर उतरतात. एक घटक वाढवला की उरलेले दोन पातळ होतात. वरचढ ठरेल असे दुसरे मिश्रण या पिशव्यांतून बनतच नाही. माझ्या मते १:१:१ चा खरा आधार हाच आहे. चाचण्यांचे पुरावे त्याला पूरक आहेत.

ते पुरावेही जपून वाचावे लागतात. बगदादमधील अमेरिकी लष्करी रुग्णालयातील २४६ जखमींच्या नोंदींवरचा बोर्गमन यांचा अभ्यास २००७ मध्ये आला. लाल पेशींच्या आठ पिशव्यांमागे प्लाझ्माची एक मिळालेल्यांत ६५ टक्के दगावले, तर जवळपास बरोबरीने प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के. आकडे डोळे दिपवणारे, पण त्यात एक खोट आहे. पहिल्या अर्ध्या तासात जो गेला त्याला लाल पेशीच मिळाल्या, कारण प्लाझ्मा वितळेपर्यंत तो जगलाच नाही. तो ‘कमी प्रमाण’ गटात मोजला गेला. काही अंशी प्लाझ्माने जगवले आणि काही अंशी जगले म्हणून प्लाझ्मा मिळाला. हा घोळ टाळणारी चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. उत्तर अमेरिकेतील १२ ट्रॉमा केंद्रांतील ६८० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. एका गटाला १:१:१, दुसऱ्याला लाल पेशी दुप्पट. २४ तासांतील मृत्यू १२.७ आणि १७ टक्के, ३० दिवसांतील २२.४ आणि २६.१ टक्के, हे फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरले नाहीत. मात्र पहिल्या दिवशी रक्तस्रावानेच होणारे मृत्यू १४.६ वरून ९.२ टक्क्यांवर आले, आणि हा फरक टिकला. दुसऱ्या गटालाही निम्म्या प्रमाणात प्लाझ्मा व प्लेटलेट मिळतच होते, हे लक्षात ठेवायला हवे.

आता पुन्हा त्या तरुणाकडे. वरचा रक्तदाब ७०, नाडी १४०, पोटाच्या सोनोग्राफीत रक्त. रक्तदाब ९० किंवा कमी, नाडी १२० किंवा अधिक, सोनोग्राफीत रक्त आणि भोसकल्यासारखी आरपार जखम या चारांपैकी दोन खुणा असल्या तरी महारक्तसंक्रमणाची तयारी सुरू करतात. इथे तीन आहेत. पहिली पिशवी लावण्याआधी रक्तगटासाठी नमुना काढायचा, कारण ओ गटाचे रक्त बरेच गेल्यावर रुग्णाचा खरा गट ओळखणे अवघड होते. नाव माहीत नसेल तर ‘अनोळखी पुरुष’ आणि केसपेपरचा क्रमांक नळीवर लिहायचा. पुरुष असल्याने क्रॉसमॅच न केलेले, म्हणजे रुग्णाच्या रक्ताशी जुळवून न पाहिलेले, ओ पॉझिटिव्ह चालते. ओ निगेटिव्ह आपल्याकडे दुर्मिळ, ते मूल होण्याच्या वयातील स्त्रियांसाठी राखावे. ओटीपोटाभोवती पट्टा आवळायचा. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल १ ग्रॅम दहा मिनिटांत आणि पुढचा १ ग्रॅम आठ तासांत. अपघातानंतर तीन तासांच्या आत सुरू झाले तरच, त्यानंतर ते अपाय करू शकते. रक्तपेढीला एक फोन, आणि पहिला संच येतो: लाल पेशी ६, प्लाझ्मा ६, प्लेटलेट ६.

गोंधळाची एक जागा याच मोजणीत आहे. साधी प्लेटलेट पिशवी एका रक्तदानातून निघते. एसडीपीची पिशवी एकाच दात्याकडून यंत्राद्वारे घेतात आणि तिच्यात साधारण सहा साध्या पिशव्यांइतक्या प्लेटलेट असतात. त्यामुळे ६:६:१ असे दिसले तरी ते १:१:१ असू शकते, आणि सहा एसडीपी मागवणे म्हणजे पेढी रिकामी करणे. पावसाळ्यात डेंग्यूमुळे प्लेटलेटची मागणी वाढलेली असते आणि त्या पाचच दिवस टिकतात. तेव्हा मुंबईत ही चूक परवडत नाही. प्लेटलेट बर्फाच्या पेटीतून पाठवणे ही दुसरी चूक. त्यांना २० ते २४ अंशांचे तापमान लागते.

कॅल्शियमचे भान न ठेवल्यास प्रमाण अचूक असूनही उपयोग होत नाही. रक्त गोठू नये म्हणून प्रत्येक पिशवीत घातलेले सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवते. निरोगी यकृत एका पिशवीतले सुमारे ३ ग्रॅम सायट्रेट पाचेक मिनिटांत निकामी करते, पण शॉकमधले, गार पडलेले यकृत ते करू शकत नाही, आणि पिशव्या त्याहून वेगाने जात असतात. रक्तातले मोकळे, म्हणजे आयनिक, कॅल्शियम लिटरमागे १.१ मिलिमोलच्या खाली गेले की रक्त नीट गोठत नाही आणि हृदयही मंदावते. भरपूर रक्त जाऊनही रक्तदाब उचलत नसेल तर आधी हे तपासावे. कॅल्शियम क्लोराइड आणि कॅल्शियम ग्लुकोनेट एकमेकांऐवजी तितकेच देता येत नाहीत: १० टक्के द्रावणाच्या १० मिलिलिटरमध्ये क्लोराइडमधून ६.८, तर ग्लुकोनेटमधून २.२ मिलिमोल कॅल्शियम मिळते. लाल पेशी फ्रिजमधून चार अंशांवर येतात, म्हणून रक्त कोमट करणारा वॉर्मरही पहिल्या पिशवीपासून लावायचा.

मुंबईत आणखी एक गोष्ट मनात ठेवावी लागते. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये इथेच नोंदवलेला बॉम्बे रक्तगट शहरात सुमारे दहा हजारांत एकाचा असतो. साध्या तपासणीत तो ओ दिसतो, पण त्या व्यक्तीच्या रक्तात ओ गटाच्या पेशींवरही हल्ला करणारी प्रतिपिंडे असतात. घाईच्या वेळी सर्वांना चालणारे मानलेले रक्त याच माणसाला मारक ठरू शकते. रुग्णाचा प्लाझ्मा ओ पेशींशी लावून पाहिला की ते उघड होते, म्हणून पिशव्या सुटल्या तरी पेढीने नमुन्याची उलट तपासणी आणि क्रॉसमॅच चालू ठेवायचे.

शस्त्रक्रियागृहात प्लीहा काढली, ओटीपोटात कापड ठासले. पहिल्या संचानंतर फायब्रिनोजेन १२० निघाले. इथून ठरावीक प्रमाण मागे पडते: प्लाझ्मात फायब्रिनोजेन विरळ असते, ते नुसत्या प्लाझ्माने उचलायला अंगात खूप पाणी भरावे लागेल, म्हणून प्लाझ्मातून काढलेल्या, फायब्रिनोजेन दाट असलेल्या क्रायोप्रेसिपिटेटच्या १० पिशव्या. मात्र ते सर्वांना सरसकट लवकर देऊन मृत्यू घटत नाहीत, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. प्लेटलेट ५० हजारांवर, डोक्याला मार असल्यास लाखावर ठेवायच्या. दुसरा संच अर्धा जाईपर्यंत स्राव थांबला, रक्तदाब औषधाविना ११० वर टिकला. आता पेढीला फोन करून संच बंद करायचा आणि न उघडलेल्या पिशव्या वेळेत परत करायच्या. स्राव थांबल्यावरही त्याच प्रमाणात चढवत राहिले तर प्लाझ्मामुळे फुप्फुसांना इजा होण्याचा आणि अंगात द्रव साचण्याचा धोका तेवढा शिल्लक राहतो.