पुस्तक परीक्षणाचा उगम: ग्रँट डफ, कीर्तने आणि निफाडचे रानडे

नाशिकच्या कॉलेजांत एम.ए. इतिहासाला पुस्तक परीक्षणाचं काम मिळालं की बहुतेकांचं पहिलं पान ठरलेलं असतं: लेखकाचा परिचय, मग प्रकरणवार सारांश, शेवटी 'लेखकाने सखोल अभ्यास केला आहे'. असं पान वाचताना एक साधी कसोटी लावता येते. पुस्तकाचं नाव झाकलं तर ते दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाला चालेल का? चालत असेल तर ते परीक्षण नव्हे. लेखक काय सिद्ध करू पाहतो, कशाच्या आधारावर आणि कोणासाठी, हे तीन प्रश्न मार्कांसाठी कोणी तक्त्यात मांडलेले नाहीत. ते भांडणांतून आले, आणि त्यातलं एक भांडण मराठीतच झालं.

युरोपातली सुरुवात थोडक्यात सांगून टाकतो. जर्मन इतिहासकार रांके यांनी 1824 मध्ये आपल्या पहिल्या ग्रंथासोबत एक स्वतंत्र पुरवणी छापली. तिच्यात त्यांनी ग्विचार्दिनीसारख्या नावाजलेल्या जुन्या इतिहासकारांची झडती घेतली: यांनी ही माहिती कुठून घेतली, आणि ती विश्वासाची आहे का? पुढे बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांना समोर बसवून कागदांची अशी चिकित्सा करायची पद्धत रुजली. 1859 पासून जर्मनीत आणि 1895 पासून अमेरिकेत इतिहासाची मोठी नियतकालिकं निघाली. त्यांत परीक्षणांना हक्काची जागा होती. आपल्या अभ्यासक्रमातलं हे काम त्याच वळणाचं आहे.

महाराष्ट्रात ही गोष्ट एका पुस्तकाभोवती घडली. कॅप्टन जेम्स ग्रँट डफ पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याला कंपनीचा अधिकारी होता. त्याने मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहिला आणि 1826 मध्ये तो लंडनला छापून आला. प्रस्तावनेत तो मराठ्यांचा उल्लेख 'आमच्या लगतचे पूर्वीचे विजेते' अशा अर्थाने करतो. त्या एका उल्लेखातच त्याचा वाचक दिसतो: हिंदुस्थानचा कारभार हाकणारा इंग्रज. पण थोड्याच वर्षांत डेव्हिड केपनने हे पुस्तक मराठीत आणलं आणि ते आपल्याकडच्या शाळांत शिकवलं जाऊ लागलं. साताऱ्यातल्या आणि पुण्यातल्या कागदांवरून लंडनसाठी लिहिलेलं पुस्तक, ज्यांच्या पूर्वजांबद्दल लिहिलं त्यांच्याच मुलांच्या दप्तरात आलं. वाचक बदलला आणि पुस्तकाची परीक्षा तिथून सुरू झाली.

ती घेतली नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने. 1867 च्या सुमारास, कॉलेजात शिकत असतानाच, त्यांनी पुण्यात डफच्या बखरीवर टीकेचा निबंध वाचला, आणि तो विविधज्ञानविस्तारात छापून आला. डफची मेहनत त्यांनी नाकारली नाही. त्याच्या समजुतीला कुठे मर्यादा पडल्या ते दाखवलं आणि मूळ कागद बाहेर यायला हवेत हा मुद्दा पुढे आणला. विद्यार्थ्याने लिहिलेलं पुस्तक परीक्षण म्हणून आजही ते वाचावं. त्यानंतर जुनी साधनं छापण्याचा ओघ सुरू झाला: 1878 पासून काव्येतिहाससंग्रह, आणि 1898 मध्ये राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड. त्यात पानिपतच्या आधीची दहा-अकरा वर्षं आणि पानिपत या काळाची अस्सल पत्रं होती. लांबलचक प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरींपेक्षा समकालीन पत्राला वजन देण्याचा आग्रह धरला.

याच ओघात निफाडला जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे येतात. मराठी सत्तेच्या उदयावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1900 मध्ये आलं. परीक्षणाला ते फार सोयीचं आहे, कारण तिन्ही प्रश्न त्यात उघड्यावर पडलेले आहेत. घ्यायचं असेल तर मी हेच घ्यायला सांगेन.

आधी प्रतिपादन बघा. डफच्या मते मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीच्या रानातल्या वाळल्या गवताला लागलेला वणवा, अचानक पेटलेला. रानड्यांना हे मान्य नाही. जमीन आधीच तयार झाली होती, आणि ती करण्यात संतांच्या चळवळीचा मोठा वाटा होता, असं ते म्हणतात. परीक्षणात हे दोन ओळींत यायला हवं, आणि ते कोणाच्या विरोधात मांडलंय हेही. डफ वगळून रानडे वाचले तर संतांवरचं प्रकरण नुसती भक्तिपर पुरवणी वाटतं.

मग आधार. संतांच्या प्रकरणात रानडे मुख्यतः महिपतीच्या चरित्रांवर विसंबतात. महिपतीचा भक्तविजय 1762 चा, म्हणजे ज्ञानेश्वरांनंतर साडेचारशे वर्षांनी आणि तुकारामांनंतर शंभरएक वर्षांनी लिहिलेला. सुमारे पन्नास संतांपैकी जवळपास निम्मे ब्राह्मण आणि उरलेले सगळ्या जातींतले, काही स्त्रिया, काही मुसलमानांतले, अशी गणती रानडे देतात. या गणतीतून चळवळ समाजात किती खोल गेली होती ते दिसतं. पण त्या भक्तीतून राज्य उभं राहिलं, हे तिच्यातून निघत नाही. मधला एक दुवा रानडे गृहीत धरतात. राजवाड्यांनीही संतांना हे श्रेय दिलं नाही. माझ्या मते परीक्षणाचा गाभा हा दुवा दाखवण्यात आहे, आणि सगळ्यात जास्त जागा त्यालाच द्यावी.

इथे मुलं एक हमखास घसरगुंडी करतात. 'राजवाड्यांची पत्रं दोन वर्षं आधी छापून आली होती, तरी रानड्यांनी ती वापरली नाहीत' असं ठोकून देतात. पण ती पत्रं अठराव्या शतकाच्या मध्यातली. शिवकाळाच्या आधीच्या संतांबद्दल त्यांत काय मिळणार? आधार अपुरा आहे म्हणायचं तर त्या काळी कोणतं साधन हाताशी होतं आणि ते याच प्रश्नाला लागू पडत होतं का, एवढं तपासूनच म्हणावं. दुसरी तक्रारही नेहमीचीच: लढायांचा तपशील नाही. रानडे प्रस्तावनेत सांगूनच टाकतात की घटनांची जंत्री द्यायची नाही, हिंदी दृष्टीने ठळक गोष्टी मांडायच्या आहेत. जे करायचं म्हटलंच नव्हतं, त्याबद्दल गुण कापू नयेत.

राहिला वाचक. रानडे युरोपातल्या धर्मसुधारणेशी संतांची तुलना करतात, तीही इंग्रजीतून. इंग्रजी शिकलेला हिंदी माणूस आणि डफ वाचून मत बनवलेला इंग्रज, दोघेही त्यांच्या समोर आहेत. ही तुलना त्या वाचकाला पटकन पटते. पण तिने आपल्या चळवळीवर परक्या साच्याची सावली पडते का, हा प्रश्न परीक्षणात विचारता येतो.

नाशिकच्या 1840 साली सुरू झालेल्या सार्वजनिक वाचनालयात किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात रानड्यांचं पुस्तक शोधताना हातात येईल तो मराठी अनुवाद आहे की मूळ इंग्रजी, आणि आवृत्ती कोणत्या सालची, हे परीक्षणाच्या पहिल्याच ओळीत लिहा. मूळ पुस्तकात काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचा मराठी बखरींवरचा एक लेख जोडलेला आहे. तुमच्या प्रतीत तो असेल तर बखरींबद्दलची मतं कोणाची ते वेगळं करून दाखवा, नाहीतर तेलंगांचं म्हणणं रानड्यांच्या नावावर खपतं.