कूलर, घाम आणि जाळीचे जॅकेट

मराठवाड्यात ज्याच्या घरी कूलर आहे, त्याला बाष्पीभवनाचा अर्धा धडा अनुभवानेच पाठ झालेला असतो. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी ओल्या गवतातून येणारा वारा खोली गारठवतो. तोच कूलर जुलै-ऑगस्टमध्ये लावला की अंग चिकचिकते आणि आपण पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा चालू ठेवतो. मात्र मोटारसायकलसाठी जॅकेट घेताना हीच माणसे हा अनुभव विसरतात आणि ‘जितकी जाळी जास्त, तितके जॅकेट गार’ एवढ्या एकाच हिशेबावर खरेदी करतात. ऑगस्टपुरता हा हिशेब बरोबर आहे, परंतु मे महिन्यात तो उलटतो.

उन्हात तापलेल्या माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून थंड असेल, तर अंगावरून जाणारा वारा उष्णता घेऊन जातो. हवा ४२ अंशांची असेल, तर तोच वारा उष्णता अंगाला देऊन जातो. अशा वेळी शरीराजवळ उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मोठा मार्ग उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. घाम किती वेगाने सुकेल, हे ओल्या त्वचेलगतच्या बाष्पाचा दाब आणि हवेतील बाष्पाचा दाब यांच्यातील फरकावर ठरते. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेलगत हा दाब पाऱ्याच्या स्तंभात मोजला तर सुमारे ४२ मिलिमीटर भरतो. मे महिन्यातल्या ४२ अंश तापमानाच्या आणि १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत तो केवळ ९ मिलिमीटर असतो, म्हणजे फरक ३३ चा. पावसाळ्यातल्या ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत तो सुमारे २७ असतो, म्हणजे फरक उरतो १५. थर्मामीटर दहा अंश खाली येऊनही घाम सुकण्याची ओढ निम्म्याहून कमी होते, ती यामुळे.

आता परभणीहून नांदेडकडे मे महिन्यात दुपारी निघालेला एक स्वार डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या अंगात संपूर्ण जाळीचे जॅकेट आहे आणि वेग ताशी ७० किलोमीटर आहे. त्याचा घाम त्वचेवर येताक्षणीच उडून जातो, म्हणून अंग कोरडे राहते आणि आपल्याला घामच येत नाही असे त्याला वाटते. प्रत्यक्षात जेवढा घाम येतो आहे तेवढा सगळा सुकलेलाच आहे. त्यामुळे याहून जास्त वारा आत घेतल्याने गारवा वाढत नाही, फक्त गरम हवेने दिलेली उष्णता वाढते. ओठ सुकणे, डोके ठणकणे आणि थांबल्यावर शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे दिसणे, ही त्याची खूण आहे.

यावरचा उपाय कूलरचाच आहे. आत सुती बनियन किंवा पूर्ण बाह्यांचा सुती सदरा भिजवून घालावा आणि जॅकेटच्या बहुतेक झिपा बंद ठेवून छातीवरची किंवा बाहीवरची एखादीच फट उघडी ठेवावी. अर्धा लिटर पाणी सुकताना सुमारे १२०० किलोज्यूल उष्णता खर्च होते. स्वस्थ बसलेला माणूस तासाभरात जेवढी उष्णता निर्माण करतो, त्याच्या तिपटीहून ही अधिक आहे. अर्थात ती सगळी शरीरातून जात नाही, काही भाग आत आलेल्या गरम हवेतून घेतला जातो, आणि म्हणूनच हवा थोडीच आत घ्यायची असते. पूर्ण जाळीत भिजवलेला सदरा वीसेक मिनिटांत खडखडीत होतो. हवा आवरली तर तो तासभरही साथ देतो. पाणी त्वचेलगतच हवे. जॅकेट बाहेरून भिजवले तर गारवा वाऱ्यालाच मिळतो.

ऑगस्टमध्ये नेमके याच्या उलट करावे. तेव्हा हवा त्वचेपेक्षा थंड असते आणि घाम सुकण्यास आळस करतो, म्हणून जेवढा वारा आत येईल तेवढा हवा. ओला सुती सदरा येथे उपयोगाचा नाही. घाम पसरवणारा पातळ सिंथेटिक थर बरा. टपकून खाली पडलेला घाम काहीच गारवा देत नाही.

(खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही, ही समजूत याच कसोटीवर पडते, कारण खिशातल्या सालीसकट कांद्याचे पाणी सुकतच नाही. ‘कूलिंग’ म्हणून विकली जाणारी अनेक कापडेही हाताला गार लागतात ती त्वचेची उष्णता पटकन शोषतात म्हणून; काही मिनिटांत ती अंगाइतकीच तापतात.)

आपल्याकडचे जॅकेट म्हणून असे असावे की खांद्यावर व कोपरांवर, जिथे घसरताना रस्ता लागतो, तिथे जाड सलग कापड किंवा चामडे असेल आणि छातीवर, बाह्यांच्या पुढच्या बाजूला झिपेने बंद होणारे जाळीचे पट्टे असतील. पाठीवर हवा बाहेर पडण्याची फट असलीच पाहिजे, कारण हवा बाहेर पडली नाही तर आतही येत नाही. दुकानात जाळीला तोंड लावून फुंकर मारावी आणि पलीकडे तळहात धरावा. बाहेर जाळी व आत सलग अस्तर असलेली जॅकेटे येथे लगेच उघडी पडतात. युरोपीय ईएन १७०९२ मानकाच्या लेबलवर ए, एए, एएए अशी श्रेणी असते. खांदे-कोपरांच्या कापडाची घर्षण चाचणी ए श्रेणीसाठी ताशी ४५, एएसाठी ७० आणि एएएसाठी १२० किलोमीटर वेगाशी जुळवलेली आहे. महामार्गावर जाणाऱ्याने निदान एए पाहावी.

आर्मरच्या, म्हणजे खांदे-कोपरांवरच्या आतल्या खिशांत बसवलेल्या धक्का शोषणाऱ्या पॅडच्या बाबतीत उष्ण प्रदेशाचा एक खास प्रश्न आहे. आजचे बहुतेक मऊ पॅड हळू दाबल्यास लवचीक आणि आदळल्यास ताठ होणाऱ्या फोमचे असतात. असा फोम तापला की अधिक मऊ होतो आणि धक्का शोषण्याआधीच चेपून तळाला टेकू शकतो. ईएन १६२१-१ मानकात ५० ज्यूलचा आघात केल्यावर पॅडखाली पोहोचणारे बल पहिल्या पातळीसाठी सरासरी ३५ आणि दुसऱ्या पातळीसाठी २० किलोन्यूटनांहून अधिक असता कामा नये. ही चाचणी ४० अंशांवरही उत्तीर्ण झालेल्या पॅडवर ‘टी’ आणि अधिक चिन्ह छापलेले असते, मात्र ती चाचणी ऐच्छिक आहे. म्हणून पॅड खिशातून काढून ते चिन्ह शोधावे. पॅडला आरपार भोके असावीत, विशेषतः पाठीच्या, कारण तेवढा भाग एरवी घामाने थबथबतो. हवा खेळावी म्हणून एक माप मोठे जॅकेट घेणे मात्र टाळावे; कोपर वाकवून बाही पिरगाळल्यावर पॅड बाजूला सरकत असेल, तर तो पडतानाही सरकेल.

ग्लोव्हजच्या तळव्याला चामडे सलग हवे. भोके किंवा जाळी बोटांच्या वरच्या बाजूला आणि मधल्या फटींत चालते. ईएन १३५९४ च्या लेबलवर ‘केपी’ असेल तर बोटांच्या मुळांवरील आर्मरची चाचणी झाली आहे असे समजावे. घामेजला हात बाहेर काढताना अस्तर उलटून येते का, हे दुकानात हात किंचित ओला करून पाहावे. अस्तर सुटलेला ग्लोव्ह पुन्हा नीट चढत नाही.

बुटांत पाय सर्वाधिक कोंडतो आणि इंजिनाची धगही तिथेच लागते. जलरोधक पडद्याचे बूट येथे फसवतात, कारण त्या पडद्यातून बाष्प बाहेर जाते तेही आतबाहेरच्या दाबाच्या फरकामुळेच, आणि दमट हवेत तो फरक लहान असतो. घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक चकत्या असलेले, वरच्या भागाला बारीक भोके असलेले बूट वर्षभर वापरावेत आणि पावसासाठी वरून चढवायचे रबरी आवरण सामानात ठेवावे. आतला सोल काढता येणारा असावा, म्हणजे मुक्कामी पोहोचल्यावर तो वेगळा वाळवता येतो. ऑगस्टमध्ये बुटात राहिलेला ओला सोल सकाळपर्यंत ओलाच असतो.