थांबून पुन्हा विचारण्यामागची गोष्ट

फोंड्यात आम्ही गोव्यातल्या जत्रांची यादी नकाशावर चढवत होतो. नोंदी 1,200. त्या एका पानात 100 अशा 12 विनंत्यांत सहज उतरल्या. अडलं ते पुढे, प्रत्येक गावाचे अक्षांश-रेखांश विचारताना. नकाशासेवेची मर्यादा होती सेकंदाला एक विनंती, आणि आम्ही घाईत तीन स्क्रिप्ट एकदम सोडल्या. एकीला उत्तर मिळे, दोघींना 429, म्हणजे ‘फार विनंत्या झाल्या’ असं सांगणारा क्रमांक. त्या दोघी 1, 2, 4 सेकंद थांबत, पण एकत्रच थांबत आणि एकत्रच परत येत. लॉगमध्ये दोघींच्या 429 ची वेळ सेकंदापर्यंत सारखी दिसली, तेव्हा कारण कळलं.

हा प्रश्न जुना आहे. 1971 साली हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन अब्रामसन यांच्या गटाने अलोहानेट सुरू केलं. वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनलं एकाच रेडिओ वाहिनीवरून बोलत. दोघांचे संदेश आदळले तर पोच येत नसे, मग प्रत्येकाने मनाला येईल तेवढं थांबून पुन्हा पाठवायचं. पण गर्दी वाढली की ही पद्धत कोलमडे. वाहिनीची जेमतेम 18 टक्के क्षमता वापरता येई. पुढे इथरनेटने त्यात भर घातली. प्रत्येक टक्करीनंतर थांबण्याची कमाल मुदत दुप्पट करायची, आणि नेमका आकडा त्या मुदतीच्या आत चिठ्ठी काढल्यासारखा निवडायचा. आज स्क्रिप्ट लिहिताना दुप्पट करणं लक्षात राहतं, चिठ्ठी विसरते. आमचंही तेच झालं होतं. दुरुस्ती एका ओळीची, n म्हणजे 0 पासून मोजलेला कितवा प्रयत्न:

```python
time.sleep(random.uniform(0, min(60, 2 ** n)))
```

वेबवर सर्व्हरने ‘जरा थांबा’ म्हणण्यासाठी `Retry-After` हा हेडर 1990च्या दशकातच आला होता. 429 हा स्वतंत्र क्रमांक मात्र एप्रिल 2012 मध्ये RFC 6585 या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाने दिला. उत्तरात हा हेडर असेल, तर निदान तेवढं थांबायचंच.

तरीही थांबण्याने कोटा वाढत नाही. 1,200 विनंत्यांना 20 मिनिटं लागणारच, स्क्रिप्ट तीन असोत की एक. खरा फरक कॅशने, म्हणजे एकदा मिळालेलं उत्तर साठवून पुन्हा वापरण्याने पडला. यादीत वेगळी गावं 190च होती, म्हणून एकच स्क्रिप्ट ठेवून प्रत्येक गाव एकदाच विचारलं आणि काम तीन मिनिटांवर थोडं जास्त वेळात झालं. त्याआधी ‘म्हापसा’, ‘म्हापसें’ आणि ‘Mapusa’ एकाच किल्लीखाली आणावे लागले. नाहीतर कॅशच्या लेखी ती तीन गावं.

पहिल्या फेरीत एक चूक राहिली होती. 429 चं उत्तरही आम्ही ‘गाव सापडलं नाही’ म्हणून साठवलं, आणि शिरगाव, जिथे लईराईची जत्रा भरते, नकाशावरून गायब झालं. RFC 6585 मध्ये 429 चं उत्तर कॅशमध्ये ठेवू नये असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आता आम्ही 200, म्हणजे यशस्वी उत्तराचा क्रमांक, आला तरच साठवतो, आणि रिकामं उत्तर आलेली गावं वेगळ्या यादीत टाकून हाताने तपासतो.