अखंड आलेख (वायदे बाजार)

अखंड आलेख : निरनिराळ्या महिन्यांच्या वायदा करारांचे भाव एकापुढे एक जोडून तयार केलेली भावमालिका. प्रत्येक कराराची मुदत संपत असल्याने एकाच कराराचा भाव दीर्घकाळ पाहता येत नाही. दोन करारांच्या सांध्यावर आलेखात दिसणारी फट मात्र बाजारात घडलेली नसते.

न्यूयॉर्कच्या कॉमेक्स बाजारात सोन्याचे वायदे ३१ डिसेंबर १९७४ पासून होतात. मुख्य करार १०० ट्रॉय औंसांचा आहे. जूनचा करार जूनच्या अखेरपर्यंत चालतो, पण बहुतेक व्यापारी मेअखेरीसच त्यातून बाहेर पडतात. मेच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापासून डिलिव्हरीच्या सूचना निघू लागतात आणि ज्याला धातू नको आहे त्याच्याही गळ्यात तो पडू शकतो. जून विकून ऑगस्ट घेणे, म्हणजेच सौदा पुढे ओढणे, याला रोलओव्हर म्हणतात.

पुढच्या महिन्याचा भाव सहसा चढा असतो, कारण तोवर सोने बाळगणाऱ्याचे पैसे अडकतात आणि तिजोरीचा खर्चही पडतो. या स्थितीला कंटँगो म्हणतात. हा शब्द एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या शेअर बाजारातला असून तेथे हिशेब पुढे ढकलण्याच्या आकाराला तो लावत. ‘कंटिन्यू’ या शब्दाचा तो अपभ्रंश असावा, असे सामान्यतः मानतात. हे मत संभाव्य वाटते, तरी निर्णायक पुरावा नाही. सोन्यात हा फरक मुख्यतः व्याजदराच्या मागे जातो. व्याजदर शून्याजवळ आले की फट जवळजवळ मिटते.

समजा, औंसाचा भाव २,००० डॉलर व व्याजदर वार्षिक ५ टक्के आहे. दोन महिन्यांचे व्याज सुमारे १७ डॉलर होते. एका संध्याकाळी जूनचा बंद भाव २,००० आणि ऑगस्टचा २,०१७ आहे. दुसऱ्या दिवशी आलेख ऑगस्टवर जातो व तो करार २,०१२ वर बंद होतो. आलेखात १२ डॉलरची तेजी दिसते. प्रत्यक्षात ऑगस्ट ५ डॉलरने उतरला आहे आणि त्याच्या धारकाने एका करारामागे ५०० डॉलर गमावले आहेत.

फट बुजवण्यासाठी मागील सर्व भावांत १७ मिळवतात. प्रत्येक सांध्यावर अशी भर पडत गेल्याने जुने भाव, कोणीही कधी न मोजलेल्या पातळीवर जाऊन बसतात. अशा आलेखावरून जुना उच्चांक वाचणे चूक ठरते. दुसऱ्या रीतीत जुने भाव दोन बंद भावांच्या गुणोत्तराने, येथे १.००८५ ने, गुणतात. टक्केवारीतील बदल त्यामुळे शाबूत राहतात, आणि दीर्घ कालखंडासाठी हीच रीत अधिक ग्राह्य धरावी. पालटाचा दिवस कोणी उलाढालीवरून ठरवतात, कोणी ठरावीक तारखेने. म्हणून दोन ठिकाणचे अखंड आलेख एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

शंका आल्यास ऑगस्टच्या कराराचा स्वतंत्र आलेख उघडून त्याच दोन दिवसांचे बंद भाव पाहावेत. तेथे उडी नसेल, तर ती सांध्याची आहे.