साठीचे आप्पा आले म्हणून सरासरी पन्नाशीला जात नाही

"आमच्या भजनी मंडळात नऊ जण, सरासरी वय ४०. आता ६० वर्षांचे आप्पा आले. म्हणजे सरासरी ५० झाली ना?"

नाही, ४२. चाळीस आणि साठचा मध्य काढला की एकटे आप्पा नऊ जणांच्या तोलाचे ठरतात. मंडळात आधी एकच माणूस असता, तर ५० बरोबर होतं. इथे नऊ जणांच्या वयांची बेरीज ३६०, आप्पांसह ४२०, भागिले दहा.

तोंडी करायचं तर अमळनेरकडची भरीत-पार्टी आठवा. आप्पा सरासरीपेक्षा २० वर्षांनी मोठे. ही जादा २० वर्षं भरतासारखी सगळ्यांना वाढायची. पंगतीत आता ताटं दहा, प्रत्येकात दोन. म्हणून ४० चे ४२. कुणाचं उत्तर ४२.२२ आलं, तर समजायचं की त्यानं नऊनेच भागलं. आप्पांचं ताट मांडायचंच राहिलं! (ही चूक पहिलीपेक्षा जास्त फसवी, कारण उत्तर जवळचं दिसतं.)

आणखी एक. ती ४० ची सरासरी दोन वर्षांपूर्वीची असेल, तर तेच नऊ जण आज सरासरी ४२ चे आहेत. मग आप्पांची जादा वर्षं १८ च उरतात, प्रत्येकी १.८, आणि नवी सरासरी ४३.८.