ईसॉपवरचा कर: शेअर घेताना एकदा, विकताना पुन्हा

कंपनीने कर्मचाऱ्याला ईसॉपमधून, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीच्या शेअर योजनेतून, स्वस्तात शेअर दिला तर त्याची कमाई नेमकी कधी झाली, या प्रश्नाचं उत्तर आपल्या आयकर कायद्याने १९९९ पासून अनेकदा बदललं.

नव्वदच्या दशकात इन्फोसिसने ट्रस्टमार्फत कर्मचाऱ्यांना शेअर दिले, पाच वर्षं न विकण्याच्या अटीवर. आयकर खात्याने त्यातला फायदा पगारात धरला आणि टीडीएस का कापला नाही, असं कंपनीला विचारलं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: विकताच न येणाऱ्या शेअरचा फायदा काल्पनिक आहे आणि त्या वर्षांसाठी तो मोजण्याची तरतूदच कायद्यात नव्हती.

तोवर कायदा पुढे गेला होता. १९९९ मध्ये हा फायदा परक्विझिट, म्हणजे पगारासोबत मिळणारा करपात्र लाभ, ठरला. पुढच्याच वर्षी सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार असलेल्या योजनांना त्यातून वगळून फक्त विक्रीच्या वेळी भांडवली नफा धरायचं ठरलं. २००७ मध्ये ईसॉपवर फ्रिंज बेनिफिट टॅक्स, म्हणजे कर्मचाऱ्यांना दिलेल्या लाभांवरचा कर, लागू झाला. तो कंपनी भरायची आणि किंमत व्हेस्टिंगच्या, म्हणजे शेअर घेण्याचा हक्क पक्का होण्याच्या, दिवसाची धरली जायची. २००९ मध्ये तो रद्द झाला आणि आजची पद्धत आली. ऑप्शन एक्सरसाइज करण्याच्या, म्हणजे तो हक्क वापरून शेअर घेण्याच्या, दिवशीची बाजारकिंमत वजा आपण भरलेली रक्कम म्हणजे परक्विझिट. ते पगारात मिळवून त्यावर टीडीएस कापला जातो. लिस्टेड शेअरसाठी त्या दिवसाच्या उघडत्या आणि बंद भावाची सरासरी घेतात. अनलिस्टेडसाठी मर्चंट बँकरचं मूल्यांकन लागतं, ते १८० दिवसांपेक्षा जुनं चालत नाही.

खरी अडचण अनलिस्टेड शेअरमध्येच येते, कारण ते बाजारात लगेच विकता येत नाहीत. समजा, १,००० ऑप्शन आहेत, एक्सरसाइज किंमत ५० रुपये आणि मूल्यांकन ४५० रुपये. परक्विझिट झालं ४ लाख. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससह कर १,२४,८००, वर शेअरचे ५०,००० रुपये. म्हणजे एक पैसा हाती न येता पावणेदोन लाख खिशातून गेले.

विकताना खरेदी किंमत ५० नाही, ४५० धरली जाते, त्यामुळे त्याच रकमेवर दोनदा कर लागत नाही. पण अडीच वर्षांनी भाव ३०० च मिळाला तर? खरा फायदा अडीच लाखांचा, कर मात्र ४ लाखांवर भरून झालेला. उरलेला दीड लाख हा दीर्घकालीन भांडवली तोटा. तो पगारातून वजा होत नाही. आठ वर्षांत दुसरा दीर्घकालीन नफा झाला, तरच त्याचा उपयोग. हे मला अन्यायाचं वाटतं.

२०२० मध्ये स्टार्टअपसाठी सवलत आली: संबंधित करनिर्धारण वर्ष, म्हणजे एक्सरसाइजनंतरचं आर्थिक वर्ष, संपल्यावर ४८ महिने, शेअरची विक्री किंवा नोकरी सोडणं, यांतलं जे आधी घडेल तोवर कर पुढे ढकलता येतो. पण पुढे जाते ती फक्त भरण्याची तारीख. मूल्य एक्सरसाइजच्या दिवसाचंच राहतं, नंतर भाव पडला तरी. शिवाय कंपनी नुसती स्टार्टअप म्हणून नोंदलेली असून भागत नाही, स्टार्टअपच्या करसवलतीच्या कलम ८०-आयएसीचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. एक्सरसाइजच्या फॉर्मवर सही करण्याआधी एचआरला ते आहे का, एवढं विचारून घ्या.