बोलण्याआधीचा अर्धा तास

एखाद्या प्रश्नावर कल्पना सुचवायला सहा जण बसले की थोड्याच वेळात दोघं-तिघंच बोलताना दिसतात. बाकीचे ऐकतात, माना डोलावतात आणि शेवटी 'मला हेच म्हणायचं होतं' एवढं बोलून उठतात. याचं खापर आपण मोठ्या आवाजाच्या माणसावर फोडतो. पण त्याला आवरून प्रत्येकाला पाळीपाळीनं बोलायला लावलं, तरी मूळ अडचण जागच्या जागीच राहते. ती अशी, की एका वेळी एकच जण बोलू शकतो आणि तोवर बाकी पाच जणांना थांबावं लागतं. यावर उपाय म्हणजे बोलण्याआधी सगळ्यांनी गप्प बसून कल्पना कागदावर लिहायच्या; या पद्धतीला ब्रेनरायटिंग म्हणतात.

अमेरिकेतला जाहिरात-व्यावसायिक अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यानं ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत लोकप्रिय केली. टीका करायची नाही, जितक्या जास्त कल्पना येतील तितकं चांगलं, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची, असे तिचे नियम. गटात बसलेल्या माणसाला एकट्यापेक्षा कितीतरी जास्त सुचतं, असा त्याचा दावा होता. 1958 मध्ये येल विद्यापीठात तो तपासला गेला. चार जणांचे काही गट एकत्र बसवले, काही जणांना एकेकटं बसवलं. मग एकेकट्यांपैकी चौघांच्या कल्पना एकत्र केल्या, सारख्या कल्पना एकदाच मोजल्या आणि ती संख्या खऱ्या गटाशी ताडून पाहिली. एकेकट्या चौघांची बेरीज जवळपास दुप्पट भरली.

असं का होतं, याची तीन कारणं संभवत होती. लोक काय म्हणतील याची भीती, 'बाकीचे आहेतच की' म्हणून केलेली ढिलाई आणि पाळीची वाट पाहणं. जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी 1987 मध्ये ही कारणं वेगवेगळी करून दाखवली. त्यांच्या एका प्रयोगात माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसून मायक्रोफोनमध्ये कल्पना सांगत होती. प्रत्येकासमोर दिवे होते. दुसरं कुणी बोलत असेल तर तसा दिवा लागायचा आणि तो विझेपर्यंत थांबायचं. एवढ्या एका बंधनानं कल्पनांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. ज्यांना दुसऱ्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, त्यांच्याही बाबतीत हेच घडलं. म्हणजे नुसतं थांबणंच महागात पडतं. थांबलेला माणूस सुचलेली कल्पना विसरू नये म्हणून मनात घोळवत राहतो, आणि ती घोळवताना पुढची सुचत नाही. कधी आपली पाळी येईपर्यंत सुचलेलं बारीक वाटू लागतं आणि गिळलं जातं.

लिहिताना कुणालाच थांबावं लागत नाही, कारण सहा पेनं एकाच वेळी चालतात. ब्रेनरायटिंगचा सगळा जोर यात आहे. मोठ्या आवाजाचा बंदोबस्त त्यात आपोआप होतो.

या पद्धतीचा सर्वांत परिचित प्रकार बेर्न्ड रोरबाख या जर्मन मार्केटिंग-तज्ज्ञानं 1960च्या दशकाच्या अखेरीस मांडला. त्याला 6-3-5 म्हणतात: सहा माणसं, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं. प्रत्येकाला एक कागद मिळतो. त्यावर तीन उभे स्तंभ आणि सहा आडव्या ओळी, म्हणजे अठरा चौकटी आखलेल्या असतात. वर प्रश्न लिहिलेला असतो. पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येकानं पहिल्या ओळीत तीन कल्पना लिहायच्या, मग कागद उजवीकडच्या माणसाला द्यायचा. तो वरच्या तीन कल्पना वाचतो आणि दुसऱ्या ओळीत आपल्या तीन लिहितो. वरचीच कल्पना पुढे न्यावी, तिच्यात बदल करावा किंवा अगदी नवी लिहावी, सगळं चालतं. सहा फेऱ्यांनंतर, अर्ध्या तासात, 108 चौकटी भरतात.

एका कागदाचा पहिला स्तंभ सविस्तर पाहू. प्रश्न असा: 'वाचनालयातून नेलेली पुस्तकं मुदतीत परत यावीत यासाठी काय करता येईल?' टेबलाभोवती वाचनालयाचेच सहा कर्मचारी आहेत.

पहिल्या ओळीत एकानं लिहिलं: मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी सभासदाला मोबाइलवर संदेश पाठवावा. दुसऱ्यानं खाली भर घातली: त्याच संदेशातून मुदत वाढवून घेता यावी, म्हणजे पुस्तक वाचून झालं नसेल तर केवळ त्यासाठी यायला नको. तिसरा म्हणतो: त्या पुस्तकासाठी दुसऱ्या कुणी नाव नोंदवलेलं नसेल, तर मुदत न मागताही वाढवावी. चौथा: कुणी नोंदवलं असेल, तर संदेशात तसं लिहावं की या पुस्तकाची तिघं वाट पाहत आहेत. पाचव्यानं धागा सोडून नवीनच लिहिलं: वाचनालय बंद असतानाही पुस्तक टाकता येईल अशी पेटी दाराबाहेर ठेवावी. सहाव्यानं पेटीलाच जोडलं: रोज सकाळी पेटी उघडून आतल्या पुस्तकांची जमा आदल्या दिवसाच्या तारखेनं करावी, नाहीतर फुकट दंड बसेल या धास्तीनं पेटीत कुणी पुस्तक टाकणार नाही.

तिसऱ्या ओळीत काय झालं ते पाहा. कुणी वाट पाहत नसेल तर पुस्तक उशिरा येण्यानं बिघडतं काय, हा प्रश्न तिथे अलगद आला आणि अर्धी समस्याच बाजूला झाली. सहावी ओळ बहुधा काउंटरवर रोज दंडाच्या पावत्या फाडणाऱ्या माणसाची असणार. तोंडी बैठकीत पहिल्या सूचनेवरच कुणीतरी 'लोक संदेश वाचतच नाहीत' म्हणालं असतं, त्यावर दहा मिनिटं वाद झाला असता आणि पेटीपर्यंत कुणी पोचलंच नसतं.

आता बिघडतं कुठे, ते. पहिलं म्हणजे प्रश्न. 'वाचनालय सुधारण्यासाठी काय करावं?' असं विचारलं तर सहा कागद सहा दिशांना जातात आणि एकाच्या ओळीवर दुसऱ्याला काही बांधता येत नाही. प्रश्न एका वाक्याचा, एकाच गोष्टीबद्दल आणि उत्तर आत न दडवलेला हवा. 'संदेश कसे पाठवावेत?' असं विचारलं की पेटी कधीच येणार नाही.

दुसरं, अर्धवट लिहिणं. चौकटीत नुसतं 'पेटी' लिहिलेलं असेल, तर पुढच्याला काहीच कळत नाही आणि गप्प बसायचा नियम असल्यामुळे विचारताही येत नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगावं: क्रियापदासह पूर्ण वाक्य, कोण काय करील ते त्यात यावं, अक्षर सुटं काढावं. चौकट किमान दोन बोटं उंच आखावी. लहान जागा दिली की माणसं शब्दांवर येतात.

तिसरं, वेळ. पाच मिनिटांचा आकडा सगळ्या फेऱ्यांना सारखा बसत नाही. पहिल्या फेरीत वाचायला काहीच नसतं, शेवटच्या फेरीत आधीच्या पंधरा कल्पना वाचून मग तीन लिहायच्या असतात. पहिल्या दोन फेऱ्या चार मिनिटांच्या आणि शेवटच्या दोन सहा-सात मिनिटांच्या ठेवल्या तर बरं पडतं. शेवटच्या ओळींमध्ये वरच्याच कल्पना शब्द बदलून येऊ लागल्या, तर लोक वाचायचे थांबले आहेत असं समजावं. तेव्हा चौकट रिकामी सोडायची मोकळीक द्यावी. 108 हा आकडा चौकटींचा आहे, कल्पनांचा नाही. पहिल्या फेरीत सहाही जण एकमेकांचं न पाहता लिहितात, त्यामुळे तीच ती सूचना चार कागदांवर सापडणं अगदी साहजिक आहे.

माणसं कमी-जास्त असली तरी चालतं. चौघं असतील तर चार ओळींचे चार कागद, 48 चौकटी. आठ जण असतील तर चौघांचे दोन गट करावेत; आठ ओळींचा कागद वाचता वाचताच दमछाक होते. घड्याळाचा जाच नको असेल तर फ्रँकफर्टच्या बाटेल संस्थेत वापरलेला प्रकार आहे: कागद टेबलाच्या मधोमध ठेवायचे, ज्याला सुचेनासं होईल त्यानं आपला कागद तिथे ठेवून दुसरा उचलायचा. वाचायला ज्यांना जास्त वेळ लागतो त्यांना हा सोयीचा. लिहिताना अवघडणारी माणसं गटात असतील तर मात्र दोन्ही प्रकार अन्याय करतात. अशांना जोडीदार द्यावा, हळू आवाजात सांगितलेलं त्यानं लिहावं.

आणि अक्षर. रोज एकत्र काम करणारी माणसं साहेबांचं अक्षर लांबून ओळखतात, आणि मग त्या चौकटीखाली तिचं कौतुक करणाऱ्या कल्पना लिहिल्या जातात. सगळ्यांना एकाच रंगाची पेनं दिल्यानं हे पुरतं टळत नाही. वरिष्ठांना त्या अर्ध्या तासापुरतं खोलीबाहेर ठेवावं किंवा त्यांच्या कल्पना आधीच घेऊन दुसऱ्याच्या हातानं लिहाव्यात, हे अधिक खात्रीचं.

आवाजाचा खरा धोका लिहून झाल्यावर असतो. कागद गोळा झाले आणि 'चला, आता बोलू या' म्हटलं की तीच दोन माणसं पुन्हा सुरू होतात. म्हणून दहा-पंधरा मिनिटांची सुट्टी घ्यावी. बैठक चालवणाऱ्यानं त्या वेळात चौकटी कापून पट्ट्या कराव्यात, सारख्या पट्ट्या एकत्र लावाव्यात, बाकीच्या मिसळून भिंतीवर चिकटवाव्यात. कागदाचा क्रम मोडला की कोणती ओळ कुणाची हा माग पुसट होतो. नंतरच्या पहिल्या चर्चेत फक्त अर्थ विचारायचा: 'जमा म्हणजे रजिस्टरमध्ये की संगणकावर?' चालेल की नाही, हे अजून नाही. मग पुन्हा शांतता. प्रत्येकानं आपल्या पसंतीच्या पाच कल्पना चिठ्ठीवर लिहून त्यांना पाच ते एक असे गुण द्यावेत, चिठ्ठ्या एकदमच गोळा कराव्यात, बेरीज फळ्यावर मांडावी. वाद घालायचा तो यानंतर, आणि तोही वरच्या सात-आठ कल्पनांवर. एखाद्या कल्पनेला दोघांनी पाच गुण दिले आणि बाकीच्यांनी शून्य, तर तिथे हमखास थांबावं. त्या दोघांना माहीत असलेलं काहीतरी इतरांना माहीत नसतं.

ही निवड सैल सोडली तर आधीची मेहनत वाया जाते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिएत्शेल, नायस्टाड आणि श्ट्रोबे यांच्या अभ्यासात एकेकट्यानं काम करणाऱ्यांना कल्पना जास्त सुचल्या, पण त्यांतून त्यांनी निवडलेल्या कल्पना एकत्र बसलेल्या गटानं निवडलेल्या कल्पनांपेक्षा सरस नव्हत्या. निकष दिले नाहीत तर माणसं सहज जमणारं, ओळखीचं तेच उचलतात. वाचनालयाच्या भिंतीवर तसं झालं तर मोबाइल-संदेश पहिला येईल आणि न मागता मुदत वाढवण्याची कल्पना गळेल. म्हणून गुण देण्याआधी फळ्यावर दोन प्रश्न लिहून ठेवावेत: यानं किती पुस्तकं लवकर परत येतील, आणि हे आपल्यासाठी किती नवं आहे? दोन्ही प्रश्नांना वेगवेगळे गुण द्यायला सांगावेत आणि दोन याद्या शेजारी-शेजारी लावाव्यात. दुसऱ्या यादीत वर आणि पहिल्या यादीत मध्यावर असलेल्या कल्पनांना चर्चेत आधी वेळ द्यावा. त्यांच्या बाजूनं आपणहून बोलायला सहसा कुणी उभं राहत नाही.